दुखतो पाय, पण गडबड कंबरेत: सायटिकाचं दुखणं ओळखायचं कसं आणि झोपायचं-बसायचं कसं

"पोटरीत गोळा आलाय रे, चार दिवस झाले सुटतच नाही," असा मावसभावाचा फोन आला गेल्या जूनमध्ये. हा नारायणगावातून वाशी मार्केटला टोमॅटोचा टेम्पो नेतो, रात्री निघायचं, पहाटे पोचायचं, सीटवरून उतरलं की लगेच क्रेट उतरवायला हात लावायचा. बायकोने पोटरी तेलाने चोळून चोळून लाल केलेली, गरम पाण्याची पिशवी झाली, मेडिकलवाल्याने दिलेला बाम झाला, फरक शून्य. मी फिजिओथेरपिस्ट आहे त्यामुळे माझा पहिलाच प्रश्न होता, शिंकलास तर काय होतं? म्हणाला, "अरे शिंकलो की ढुंगणापासून करंगळीपर्यंत करंट जातो." बस, पोटरीचा विषय तिथेच संपला. शिंकल्याने पोटरीवर काही जोर येत नाही, जोर येतो तो पोटात आणि मणक्याच्या नळीत.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांचा पाय पहिल्यांदाच असा दुखायला लागलाय आणि ज्यांना प्रत्येकजण वेगळं काहीतरी सांगतोय. मावसभावाचंच उदाहरण धरून एकेक पायरी सांगतो.

आधी हे समजून घ्या की पाय का दुखतो

कंबरेत पाच मणके, दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी म्हणजे डिस्क. गादीच्या बाहेरच्या बाजूला चिवट थरांचं कडं असतं आणि आत मऊ, पाणीदार गर. आपल्याकडे सरसकट म्हणतात "गादी सरकली" किंवा "मणक्यात गॅप आला", पण गादी काही सरकत वगैरे नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. पुरणपोळी लाटताना एका बाजूला लाटणं जास्त दाबलं गेलं की दुसऱ्या कडेला पारी फाटून पुरण बाहेर येतं ना, तसं होतं. आपण पुढे वाकतो तेव्हा गादीची पुढची बाजू दाबली जाते आणि आतला गर मागे ढकलला जातो. वर्षानुवर्षं हे चालू असतं, मागच्या कड्याला बारीक चिरा पडत जातात, आणि मग एखाद्या दिवशी अगदी किरकोळ कारणाने, बादली उचलताना किंवा नुसतं बुटाची लेस बांधताना, गर मागे येतो. मागे अगदी मधोमध एक मजबूत पट्टा असतो त्यामुळे गर सरळ मागे न येता जरा डाव्या नाहीतर उजव्या कोपऱ्यात घुसतो, आणि नेमकी त्याच कोपऱ्यातून पायाकडे जाणारी नस निघालेली असते.

या कंबरेतून निघालेल्या चार-पाच मुळ्या एकत्र येऊन सायटिक नस बनते, शरीरातली सगळ्यात जाड नस, जवळजवळ बोटाएवढी. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरी आणि पावलापर्यंत तिच्या फांद्या जातात. आता मीटरपाशी वायर दबली तर दिवा लुकलुकतो तो आतल्या खोलीतला, तसं नस कंबरेत दुखावली तरी मेंदूला निरोप जातो की पाय दुखतोय, यालाच सायटिका म्हणतात. कंबर कधीकधी अजिबात दुखत नाही, म्हणून तर लोक आठवडा-आठवडा पोटरी चोळत बसतात.

नुसत्या दाबाने एवढी आग होत नाही हेही लक्षात ठेवा. गादीतला गर नसेला लागला की तिथे सूज येते, आणि सुजलेली नसच बोंबलते. अमेरिकेत काही सर्जननी भूल फक्त त्या जागेपुरती देऊन, पेशंट जागा असताना मणक्याची ऑपरेशनं केली होती, १९९१ साली ते छापून आलं. आतल्या एकेका भागाला हात लावून विचारायचे की काय वाटतंय. सुजलेल्या नसेला स्पर्श झाला की पेशंट म्हणायचा हेच, हेच माझं पायाचं दुखणं, पण धडधाकट नसेला तसाच धक्का लावला तर ते दुखणं यायचं नाही. त्यामुळे एमआरआयमध्ये गादी केवढी बाहेर आलीय यावरून किती दुखणार ते ठरत नाही. छोटा फुगवटा आणि माणूस रडतोय, मोठा फुगवटा आणि माणूस आरामात चालतोय, दोन्ही बघितलंय.

गंमत म्हणजे सायटिका हा शब्द फार जुना, आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात, गिधाडासारखी लंगडी चाल होते म्हणून, पण गादीचा आणि पायाच्या कळेचा संबंध पक्का झाला तो १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी आपल्या केसेस छापल्या तेव्हा. त्याआधी नसेचीच सूज समजून नसेवरच उपचार चालायचे, म्हणजे आपल्या पोटरी चोळण्याचाच मोठा भाऊ.

पायरी १: घरी काहीही करायच्या आधी एवढं तपासा

लघवी अडकतेय किंवा भरल्याचं कळत नाहीये, संडासवर ताबा राहिला नाही, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे म्हणजे मांड्यांच्या मध्ये आणि गुदाभोवती बधीरपणा आलाय, दोन्ही पायांत एकदम कळा आणि अशक्तपणा, यातलं एक जरी असेल तर हा लेख इथेच ठेवा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. गादीचा मोठा तुकडा खालच्या सगळ्या नसांवर बसलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो, उद्या सकाळी बघू म्हणण्यात लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे क्वचित होतं, पण विचारायला लाज वाटते म्हणून लोक सांगत नाहीत, म्हणून मीच आधी विचारतो.

दुसरं म्हणजे ताकद. चप्पल न घालता दहा पावलं टाचांवर चाला, मग भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहून दहा वेळा टाच उचला, दोन्ही पायांनी वेगवेगळं. पंजा वर राहतच नाही, चालताना पाऊल फटफट आपटतं, किंवा एका बाजूची टाच दोनदाच उचलली गेली आणि मग नाहीच, तर त्याच दिवशी नाहीतर फार फार तर दुसऱ्या दिवशी ऑर्थो किंवा स्पाइनवाल्या डॉक्टरला दाखवा. दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त गंभीर, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

ताप येतोय, वजन उतरतंय, रात्री पडूनही दुखतंय, पूर्वी कॅन्सर झालेला, उतारवयात पडणं झालेलं, यातही घरचे प्रयोग नकोत. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही दिसतो आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वागतो.

मावसभावाचं मी व्हिडिओ कॉलवर हे सगळं करून घेतलं. लघवी ठीक, टाचांवर चालणं ठीक, पण डाव्या पायाची टाच सहाव्यांदा उचलताना थरथरायला लागली. म्हटलं दुपारी डॉक्टरकडे जाऊन ये, मग आपण बोलू. डॉक्टरनी उताणं झोपवून सरळ पाय वर उचलून बघितला, साधारण ४० अंशांवरच करंट आला, घोट्याच्या मागे हातोडी मारली तर डाव्या बाजूचा झटका कमी होता. दुखण्याच्या गोळ्या दिल्या, ताकद कमी होतेय का यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि दहा दिवसांनी बोलावलं. एमआरआय लगेच सांगितला नाही म्हणून हा नाराज झाला, पण ते बरोबरच होतं, का ते पुढे येतंच.

पायरी २: कळ नेमकी कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवा

एका कागदावर पायाचं वेडंवाकडं चित्र काढा, पुढून आणि मागून, आणि कळ कुठे, मुंग्या कुठे, बधीर कुठे ते रंगवा. हे खूळ नाही, यावरून कुठली नस ते बऱ्यापैकी कळतं.

बहुतेक वेळा खालच्या दोन गाद्यांपैकी एक असते, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, नाहीतर पाचवा मणका आणि त्याखालचं माकडहाडाच्या वरचं मोठं हाड यांच्यामधली. कारण वाकणं आणि वजन सगळं तिथेच येतं. वरची असेल तर कळ मांडीच्या आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूने उतरून पावलाच्या वरच्या भागात, अंगठ्याकडे जाते, आणि टाचांवर चालताना पंजा पडतो. खालची असेल तर कळ मांडीच्या मागून, पोटरीतून, टाच आणि करंगळीच्या बाजूला जाते, आणि टाच उचलायला जड जातं. आमच्या भावाचं हे दुसरं.

आता कागदावर दोन्ही पावलांचे मोजे घातल्यासारखा भाग रंगला असेल तर ते बहुतेक गादीचं नाही, शुगर आणि बी-१२ तपासा, शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी सर्रास सापडतं. आणि साठीच्या पुढचा माणूस सांगत असेल की पाचशे पावलं चाललो की पाय भरून येतात, खाली बसलो किंवा मंडईत पिशवीच्या ट्रॉलीवर ओणवं झालो की बरं वाटतं, तर तिथे मणक्याची नळीच अरुंद झालेली असण्याची शक्यता जास्त. त्या माणसाला पुढचे पालथे व्यायाम उलटे पडतात, त्याला पुढे वाकून आराम मिळतो, म्हणून शेजारच्या काकांना माझा लेख फॉरवर्ड करण्याआधी एवढं विचारा.

पायरी ३: किती दुखतं ते सोडा, कुठवर दुखतं ते बघा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. दुखणं पायाच्या खालच्या टोकाकडे सरकत असेल तर तुम्ही जे करताय ते बंद करा, आणि दुखणं वर कंबरेकडे गोळा होत असेल तर ते चालू ठेवा, मग भले कंबर आधीपेक्षा जास्त दुखायला लागू दे. लोक नेमके इथे घाबरतात. करंगळीतल्या मुंग्या गेल्या, पोटरी सुटली, पण कंबर ठणकायला लागली की वाटतं वाट लागली, आणि चांगला चाललेला व्यायाम सोडून देतात.

ही गोष्ट लक्षात आली ती पण योगायोगाने. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओकडे एक पेशंट होता, तीन आठवडे पाय दुखत होता, काही केल्या हटत नव्हता. मॅकेन्झींनी त्याला सांगितलं आत जाऊन टेबलवर पालथा झोप, मी आलोच. टेबलची डोक्याकडची बाजू आधीच्या पेशंटसाठी वर उचललेली राहिली होती आणि हा बाबा तशीच कंबर मागे वाकवून पालथा पडून राहिला. मॅकेन्झी आले ते हबकलेच, कारण तेव्हा असं मागे वाकणं वाईट समजायचे, पण पेशंट म्हणाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय दुखत नाहीये. त्यातून त्यांनी पुढे सगळी पद्धत बसवली. गर खरंच पुढे सरकतो का, नसेवरचा ताण कमी होतो का, यावर अजून वाद आहेत, पण ज्यांचं दुखणं असं वर सरकतं ते साधारणपणे लवकर बरे होतात हे खूप ठिकाणी दिसून आलंय.

पायरी ४: पडून राहायच्या पोझिशन

पहिल्या दोन-तीन दिवसांत आग एवढी असते की व्यायाम सोडा, कूस बदलता येत नाही. तेव्हा फक्त आराम देणारी पोझिशन शोधायची. सगळ्यात जास्त लोकांना चालते ती ही: जमिनीवर सतरंजी आणि त्यावर एक घडी घातलेली चादर, उताणं झोपायचं, आणि पोटऱ्या खुर्चीच्या किंवा पलंगाच्या सीटवर ठेवायच्या, म्हणजे मांड्या उभ्या आणि गुडघे काटकोनात. नस गुडघ्यामागून ताणली जात नाही आणि गादीवरचा भारही कमी होतो. दहा-पंधरा मिनिटं, दिवसात चार-पाच वेळा. तिथे तासन् तास पडून राहू नका, उठणं त्रासाचं होतं.

रात्रीसाठी दुखऱ्या बाजूला वर ठेवून कुशीवर, गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी, आणि उशी घोट्यापर्यंत पोचली पाहिजे, नुसती गुडघ्यात धरली तर पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळवटते. कंबर आणि अंथरूण यांच्यात पोकळी राहत असेल तर पातळ टॉवेलची गुंडाळी तिथे सारा. उताणं झोपायची सवय असेल तर गुडघ्यांखाली लोड.

भावाला खुर्चीवाली पोझिशन पहिल्या रात्री चालली, कळ दहापैकी आठवरून पाचवर आली असं तो म्हणाला, पण मुंग्या करंगळीतच राहिल्या. म्हणजे आराम मिळाला पण दुखणं वर सरकलं नाही, हा फरक बघून ठेवा.

पायरी ५: पालथं झोपून हळूहळू मागे

तिसऱ्या दिवशी त्याला पालथं झोपायला सांगितलं. हे तीन टप्प्यांत करायचं आणि प्रत्येक टप्प्यानंतर पायाला विचारायचं, खाली सरकलं की वर.

पहिला टप्पा म्हणजे नुसतं पालथं, हात अंगाला लावून, मान एका बाजूला, दोन ते पाच मिनिटं. एवढंही सहन होत नसेल तर पोटाखाली उशी घ्या आणि दर वेळी जरा पातळ उशी करत जा. दुसरा टप्पा म्हणजे कोपरांवर टेकून छाती उचलायची, लहान मुलं पुस्तक वाचताना पडतात तसं, दोन-तीन मिनिटं, कुल्ले ढिले सोडायचे. तिसरा टप्पा म्हणजे तळहात खांद्यांखाली आणि हातांनी छाती वर ढकलायची, भुजंगासनासारखं दिसतं, पण आसनात पाठीचे स्नायू कामाला लागतात आणि इथे पाठीने काहीच करायचं नाही, सगळा जोर हातांचा, कंबर आणि कुल्ले ओल्या कपड्यासारखे लोंबू द्यायचे. वर जाऊन एक-दोन सेकंद थांबायचं, श्वास सोडायचा, खाली. असं दहा वेळा, जमेल तेवढंच वर, आणि दिवसात दर दोन-तीन तासांनी. एकदाच सकाळी शंभर काढून उपयोग नाही, कारण मधल्या वेळात आपण बसून-वाकून परत तेच करतो.

त्याचं काय झालं ते सांगतो. पहिल्या दिवशी कोपरांवर गेल्यावर पोटरीतली कळ जरा वाढली, मी म्हटलं परत सपाट हो, दोन मिनिटं थांब. दुसऱ्या प्रयत्नात पोटरी शांत झाली पण कुल्ला ठणकायला लागला, तो ओरडला की बघ वाढलं. नाही वाढलं, वर सरकलं. संध्याकाळपर्यंत हात लावून ढकलण्यावर आलो, पाचव्या-सहाव्या वेळेला करंगळीतल्या मुंग्या कमी झाल्या. उभा राहिला, दहा मिनिटं चालला, मुंग्या परत आल्या नाहीत. मग जेवायला मांडी घालून बसला आणि वीस मिनिटांत सगळं जिथल्या तिथे. त्या रात्री त्याला कळलं की व्यायाम पाच मिनिटांचा आहे आणि बसणं दिवसभराचं.

काही जण आरशात बघितलं की एका बाजूला कलंडलेले दिसतात, खांदे एकीकडे, कमरेचा भाग दुसरीकडे, शरीर नसेपासून लांब पळत असतं. त्यांना सरळ पालथं होऊन फायदा होत नाही, आधी बाजूचं सरळ करावं लागतं: ज्या बाजूला वरचं धड झुकलंय तो खांदा भिंतीला, कोपर बरगडीला दाबून, पाय भिंतीपासून फूटभर लांब, आणि दुसऱ्या हाताने कमरेचा भाग हळूच भिंतीकडे ढकलायचा. पण हे पहिल्यांदा कुणा फिजिओसमोर करा, दिशा चुकली तर पाय चांगलाच पेटतो.

तिन्ही टप्प्यांत दर वेळी कळ खालीच उतरत असेल आणि दोन-तीन दिवस सावकाश प्रयत्न करूनही वर येत नसेल तर तुमचं दुखणं या दिशेला ऐकणारं नाही. जबरदस्ती करू नका, खुर्चीवाली पोझिशन आणि थोडं थोडं चालणं यावर राहा आणि दाखवून घ्या.

पायरी ६: बसणं, उठणं, उचलणं

जर्मनीत उल्मच्या संशोधकांनी एका माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक सेन्सर बसवून दिवसभर दाब मोजला, १९९९ ची गोष्ट. एकाच माणसावरचं माप आहे पण प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. उताणं पडल्यावर दाब एक धरला तर उभं राहिल्यावर साधारण पाच, पुढे वाकून बसल्यावर आठच्या वर, आणि २० किलो पाठ वाकवून उचलल्यावर तेवीस. तेच २० किलो गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवून उचलले तर सतरा. टोमॅटोचा क्रेट साधारण तेवढाच असतो, म्हणून भावाला हे आकडे पटकन पटले.

तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बसणं तोडून तोडून, वीस मिनिटांच्या वर नाही. मांडी घालून, उकिडवं, पाटावर, बीनबॅगवर, मऊ सोफ्यात रुतून, हे सगळं बंद, कारण यात कंबर मागे गोल होते. कडक खुर्ची, कंबरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी, मनगटाएवढी जाड पुरते. देवपूजा आणि जेवण खुर्चीवर, कुणाला काय वाटेल ते वाटू दे. संडासला कमोड वापरा आणि कुंथू नका, पोट साफ राहील असं बघा, कारण कुंथणं, खोकणं, शिंकणं तिन्हींनी नळीत दाब वाढतो. शिंक आलीच तर उभं राहून किंचित मागे वाका, हात टेबलावर, पुढे दुमडू नका. टू-व्हीलर पहिले काही आठवडे नको, आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक स्पीडब्रेकर गादीपर्यंत पोचतो.

सकाळ जपा. रात्रभर पडून राहिल्यावर गादी पाणी शोषून फुगते, म्हणून तर सकाळी आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली गादी वाकण्याला लवकर कुरकुरते. उठल्यापासूनचे पहिले दोन तास वाकणं टाळायचं, म्हणजे बादली उचलणं, वाकून दात घासणं, खाली बसून केर काढणं, सूर्यनमस्कार, सगळं नंतर. अमेरिकेत एका अभ्यासात कंबरदुखीवाल्यांना एवढंच शिकवलं की सकाळी वाकू नका, त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. पलंगावरून उठताना कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, आणि हाताने ढकलत बसते व्हा, सरळ उताणे उठून बसू नका.

लोक हौसेने करतात आणि फसतात ते

पाय मागून ओढल्यासारखा वाटतो म्हणून पाय टेबलावर टाकून अंगठा धरायचा, मांडीच्या मागचा स्नायू "मोकळा" करायचा. तो स्नायू आखडलेला नाहीये, सुजलेली नस ताणली जातेय, आणि तुम्ही ती आणखी ओढताय. ताणताना बरं वाटतं, तासाभराने पाऊल पेटतं, हे मी दर महिन्याला ऐकतो. पाठीवर लहान मुलाला उभं करणं, गावच्या कुणाकडून "कट" करून मणका बसवून घेणं, हेही नको, गादी बसवायची वस्तू नाही आणि झटक्याने गर जास्त बाहेर आला तर पंचाईत.

बेल्ट म्हणाल तर प्रवासात तासभर ठीक, दिवसभर नाही. आणि पूर्ण बेडरेस्टही नाही. नेदरलँडमध्ये सायटिकाच्या पेशंटचे दोन गट केले होते, एकाला दोन आठवडे बेडरेस्ट, दुसऱ्याला जमेल तसं वावरा. १९९९ मध्ये निकाल छापला, बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोक सुधारलेले, बेडरेस्टचा फायदा काही दिसला नाही. म्हणून पाच-दहा मिनिटांच्या छोट्या फेऱ्या, सपाट रस्त्यावर, दिवसातून चार-सहा वेळा, आणि फेरीतही तोच नियम, पायात खाली उतरायला लागलं की घरी.

एमआरआय आणि ऑपरेशन कधी

काहीच दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी विशीत जवळजवळ ३० टक्के आणि ऐंशीत ८० टक्क्यांच्या वर लोकांत गादीचा फुगवटा दिसतो. त्यामुळे रिपोर्टमधला फुगवटा तेव्हाच कामाचा जेव्हा तो तुमच्या कागदावरच्या रंगाशी जुळतो. डावी करंगळी बधीर आणि रिपोर्टमध्ये वरच्या गादीचा उजवीकडे फुगवटा, तर तो गुन्हेगार नाही. पायरी एकमधलं काही असेल तर एमआरआय लगेच, नाहीतर सहा आठवड्यांत सुधारणा नसेल किंवा ऑपरेशन-इंजेक्शनचा विचार चालू असेल तेव्हा. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं, आणि गंमत बघा, तुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आक्रसतो, कारण तो रक्तपुरवठ्याच्या तावडीत सापडतो.

ऑपरेशन म्हणजे घाबरायचं काही नाही आणि घाईही नाही. नेदरलँडमध्येच २००७ ला आलेल्या एका अभ्यासात सहा ते बारा आठवडे जोरात दुखणाऱ्या लोकांना एकतर लवकर ऑपरेशन नाहीतर थांबून बघणं असं वाटून दिलं. ऑपरेशनवाले पायाच्या दुखण्यातून लवकर सुटले, पण वर्षाने दोन्हीकडे ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं हेही खरं, म्हणजे थांबणं सगळ्यांना झेपत नाही. पाऊल पडायला लागलं तर मात्र हा हिशोब लागू नाही, तिथे सर्जन सांगेल ते.

भावाचं दहाव्या दिवशी दुखणं गुडघ्याच्या वर राहिलं, तिसऱ्या आठवड्यात फक्त कुल्ल्यात, आणि टाच दहा वेळा उचलता यायला सहा आठवडे लागले. घाई करून चौथ्या आठवड्यात एक फेरी मारून आला तेव्हा परत पोटरीपर्यंत उतरलं होतं, ते तीन दिवसांत पालथे व्यायाम करून वर आलं. आठव्या आठवड्यापासून तो टेम्पो चालवतोय, कंबरेमागे टॉवेल, आळेफाट्याला आणि मग परत मध्ये एकदा उतरून पाच मिनिटं चालणं आणि टेम्पोच्या बाजूला हात टेकवून दहा वेळा मागे वाकणं. वाशीला पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं क्रेटला हात लावत नाही, चहा पितो, तेवढ्यात हमाल अर्धा माल उतरवतात. करंगळी अजून थोडी बधीर आहे, विचारत असतो कधी जाणार. कळ आधी जाते, मग ताकद येते, बधीरपणा सगळ्यात शेवटी, त्याला महिने लागतात आणि एखाद्याला थोडा राहतोही.